एकच टीव्ही, चार कंट्रोलर आणि तीन पिढ्या: कोणते गेम निवडावेत आणि ते कसे लावावेत

प्रश्न: सुट्टीत घरी सगळे जमले की टीव्ही एकच असतो आणि कंट्रोलर चार. सहा वर्षांचा मुलगा, चौदा वर्षांची मुलगी, आम्ही तीन मोठी माणसे आणि सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा, असे सात जण असतो. दर वेळी मुलगीच जिंकते, मुलगा रडतो आणि आजी-आजोबा नुसते बघत बसतात. सगळ्यांना खरोखर खेळता येतील असे गेम कोणते, आणि ते कसे लावावेत?

उत्तर: तुमच्याकडे निन्टेन्डो स्विच आहे असे धरून चालतो. या सात जणांसाठी मी तीनच गेम निवडेन: मारिओ कार्ट ८ डिलक्स, सुपर मारिओ ब्रदर्स वंडर आणि कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स. मात्र हे तिन्ही गेम नुसते सुरू करून दिले, तर तुम्ही वर्णन केलेलाच प्रकार पुन्हा घडेल. प्रत्येकात काही सेटिंग बदलावी लागतात आणि कोणी काय करायचे हे आधी ठरवावे लागते. खरा फरक तिथेच पडतो.

गेमच्या खोक्यावर छापलेल्या वयाकडे पाहून निवड करू नये. पेगीसारखे मानांकन त्या गेममधला आशय कोणत्या वयाला योग्य आहे एवढेच सांगते. तो खेळायला किती अवघड आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. मिश्र वयाच्या घोळक्यासाठी मी वेगळी कसोटी लावतो: या गेममध्ये एका वेळी हातांना किती कामे करावी लागतात? जिथे डाव्या काडीने चालायचे आणि त्याच वेळी उजव्या काडीने कॅमेरा फिरवायचा असतो, असा कोणताही गेम पहिल्यांदा कंट्रोलर हातात घेणाऱ्याला एका संध्याकाळीत येत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला ही दोन कामे आहेत याची जाणीवही नसते, कारण तिची बोटे ती आपोआप करतात. आजोबा मात्र पात्राला भिंतीत चालवत राहतात आणि आपल्यालाच काही समजत नाही असे मानून कंट्रोलर खाली ठेवतात. म्हणून पहिली चाळणी अशी की कॅमेरा गेमने स्वतः सांभाळला पाहिजे. वरचे पहिले दोन गेम या चाळणीतून पार होतात, आणि तिसऱ्यात आजी-आजोबांना कंट्रोलर धरावाच लागत नाही.

एखाद्याला गेम झेपत आहे की नाही हे त्याला विचारून कळत नाही, कारण घरातली माणसे भिडेखातर "छान आहे" म्हणतात. त्यांच्या नजरेकडे पाहावे. दोन-तीन मिनिटांनंतरही जो माणूस बटण शोधण्यासाठी पुन्हा पुन्हा कंट्रोलरकडे बघतो, त्याच्यावर हातांचा भार जास्त पडला आहे. तेव्हा गेम बदलण्याआधी त्याच्याकडून एक बटण काढून घेता येते का ते पाहावे.

मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये हे अगदी सहज करता येते, म्हणून सुरुवात त्यापासून करावी. हा गेम २०१७ साली स्विचवर आला आणि एका टीव्हीवर चार जणांना खेळता येतो. गाडी निवडण्याच्या पडद्यावर प्रत्येक खेळाडूने स्वतःच्या कंट्रोलरवरचे + बटण दाबले की एक छोटी चौकट उघडते. तिथे तीन गोष्टी चालू-बंद करता येतात. पहिली म्हणजे स्मार्ट स्टीअरिंग: ती चालू असेल तर गाडी रस्ता सोडून खड्ड्यात जाऊ लागताच गेम तिला परत रस्त्यावर वळवतो. दुसरी म्हणजे कंट्रोलर तिरका करून गाडी वळवण्याची सोय. तिसरी म्हणजे आपोआप वेग, म्हणजे वेगाचे बटण दाबून धरावे लागत नाही. कंट्रोलर आडवा धरला असेल तर त्या जॉय-कॉनवर जे + किंवा − बटण असते ते दाबावे.

आजी, आजोबा आणि मुलगा या तिघांसाठी पहिली आणि तिसरी गोष्ट चालू ठेवावी. मग हातात फक्त एक काडी आणि वस्तू फेकण्याचे एक बटण एवढेच उरते, आणि काहीही दाबले नाही तरी गाडी शर्यत पूर्ण करते. कंट्रोलर तिरका करण्याची सोय मी सहा वर्षांच्या मुलासाठी बंद ठेवतो. ती त्याला स्वाभाविक वाटेल असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात मूल वळणावर सगळे अंग झुकवते, हात डोक्यापर्यंत नेते, आणि गाडी त्याला नको त्या बाजूला जाते. काडीने त्याला तीन फेऱ्यांत वळणे कळू लागतात. मुलीने मात्र स्मार्ट स्टीअरिंग बंदच करावी; ती चालू असली तर रस्त्याबाहेरून जाणाऱ्या आडवाटा वापरता येत नाहीत, आणि सरावलेल्या खेळाडूला गेम सतत हात धरून ओढत असल्यासारखा वाटतो. स्मार्ट स्टीअरिंग चालू असलेल्या गाडीच्या मागे एक छोटा अँटेना दिसतो, त्यामुळे कोणाची चालू आहे हे शर्यतीतही ओळखता येते.

एवढे केले तरी मुलगीच जिंकेल. त्यासाठी ग्रां प्रीऐवजी व्हीएस रेस निवडावी आणि तिच्या नियमांत संघ चालू करावेत. मग लाल आणि निळा असे दोन संघ पडतात आणि संघातल्या सर्वांचे गुण एकत्र मोजले जातात. मुलगी आणि मुलगा एका संघात, आई किंवा बाबा आणि आजोबा दुसऱ्या संघात. संगणकाच्या गाड्या सोप्या पातळीवर ठेवाव्यात, वेग ५० सीसी, आणि शर्यती चार. आता मुलाचा नववा क्रमांक बहिणीच्या पहिल्या क्रमांकात मिळवला जातो, आणि त्याने एखाद्या संगणकाच्या गाडीला मागे टाकले तरी त्याचा संघाला उपयोग होतो. बहीण त्याला "शेवटचा आलास" म्हणत नाही. "अजून एकाला गाठ" असे ओरडते. मागे पडलेल्या खेळाडूला गेम अधिक जोरकस वस्तू देतो, त्यामुळे मूल फार वेळ शेवटी राहत नाही. पन्नास सीसी मोठ्यांना संथ वाटेल. पण पहिल्या चार शर्यती तरी त्यावरच घ्याव्यात.

एक मर्यादा लक्षात असू द्यावी. चार जण खेळताना पडद्याचे चार समान तुकडे होतात. टीव्ही ४३ इंची असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण साडेएकवीस इंचांचा पडदा येतो, आणि सोफा टीव्हीपासून लांब असेल तर आजोबांना आपली गाडी कोणती हेच शोधावे लागते. आजी-आजोबांच्या खुर्च्या पुढे घ्याव्यात आणि मुलांनी जमिनीवर बाजूला बसावे. शर्यत सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या तुकड्यावर बोट ठेवून "हा माझा" असे म्हणावे. हे बालिश वाटते, पण बहिणीच्या गाडीला आपली समजून अख्खी फेरी काडी फिरवत बसलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि चूक कळल्यावर त्यांचा उत्साह जो जातो तो परत येत नाही.

दुसरा गेम सुपर मारिओ ब्रदर्स वंडर. हा २०२३ मध्ये आला. यात पडद्याचे तुकडे होत नाहीत. चौघेही एकाच चित्रात डावीकडून उजवीकडे जातात. कार्टमध्ये ज्यांना तुकडा दिसत नव्हता त्यांना इथे बरे वाटते. शिवाय याच मालिकेच्या २००९ च्या वी कन्सोलवरच्या गेममध्ये खेळाडू एकमेकांवर आदळत, एकमेकांना खड्ड्यात ढकलत, आणि भावंडांची भांडणे तिथूनच सुरू होत. वंडरमध्ये पात्रे एकमेकांच्या आरपार जातात, त्यामुळे कोणी कोणाला चुकून मारू शकत नाही.

इथे पात्राची निवड म्हणजेच अवघडपणाची निवड असते. योशी आणि नॅबिट या पात्रांना शत्रूचा स्पर्श झाला तरी इजा होत नाही. खड्ड्यात किंवा लाव्हात पडल्यास मात्र त्यांचाही जीव जातो, आणि शक्ती वाढवणाऱ्या वस्तूंचा त्यांना उपयोग नसतो. मुलाला योशी द्यावा. योशी हवेत पाय मारत थोडा जास्त वेळ तरंगतो, म्हणून उडीचा अंदाज चुकला तरी बऱ्याचदा निभावते. आजी-आजोबांपैकी जो कोणी खेळायला तयार असेल त्याला नॅबिट द्यावा. दुसरी पात्रे योशीच्या पाठीवर बसू शकतात. त्यामुळे अवघड टप्पा आला की मुलीने योशी घ्यावा, भावाला दुसरे पात्र द्यावे आणि त्याला पाठीवरून पलीकडे न्यावे. मुलाला हे ओझे वाटत नाही, स्वारी वाटते.

या गेममध्ये बिघडते ते कॅमेऱ्यामुळे. चित्र एकच असल्यामुळे ते कोणाच्या मागे जाणार हा प्रश्न असतो, आणि गेम तो डोक्यावरच्या मुकुटाने सोडवतो: ज्याच्याकडे मुकुट, त्याच्या मागे चित्र सरकते. टप्प्याच्या शेवटी झेंड्याच्या खांबावर जो सर्वांत उंच उडी मारतो त्याला पुढचा मुकुट मिळतो. साहजिकच तो प्रत्येक वेळी मुलीकडे जातो, ती धावत सुटते आणि बाकीचे चित्राबाहेर राहतात. मागे राहिलेल्या माणसाला आपण काय चुकलो हेही कळत नाही, कारण त्याला स्वतःचे पात्रच दिसत नसते. उपाय असा की खांबाजवळ मुलीने थांबावे, आईला किंवा बाबांना उंच उडी मारू द्यावी आणि स्वतः खांब खालच्या बाजूला धरावा. मुकुट मधल्या वेगाच्या माणसाकडे राहिला की चित्र मधल्या वेगाने सरकते. मुलीला हे विनंती म्हणून सांगू नये. "मुकुट आईकडे ठेवणे हे तुझे काम आहे" असे सांगावे. सराव असलेल्या मुलांना असले काम मनापासून आवडते.

कोणी मेला तर त्याचे भूत होते आणि पाच सेकंदांत ते दुसऱ्या खेळाडूला भिडले तर तो पुन्हा जिवंत होतो. मुलाला एवढेच शिकवावे की भूत झाल्यावर ताईकडे उडायचे, आणि ताईने त्या वेळी जागेवर उभे राहायचे. भूत होऊन ताईपर्यंत पोहोचणे हाच त्याच्या दृष्टीने एक खेळ होतो, आणि मरण्यावरून होणारे रडणे बऱ्याच अंशी थांबते.

आता तिसरा गेम, आणि तुमच्या घरासाठी मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण कंट्रोलर चार आहेत आणि माणसे सात. चार जण खेळणार आणि तीन जण वाट बघणार, या व्यवस्थेत वाट बघणारे नेहमी तेच असतात. कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स २०१५ साली आला, आणि स्विचवर २०१९ पासून आहे. पडद्यावर एक बाँब असतो, तो एकच माणूस हाताळतो. बाकीच्यांकडे तो निकामी कसा करायचा याची माहितीपुस्तिका असते, पण त्यांना बाँब दिसत नाही. ही पुस्तिका bombmanual.com वर मोफत मिळते. ती तेवीस पानांची आहे. ती मोठ्या अक्षरांत छापून घ्यावी, पडद्यावर उघडून देऊ नये. कागद हातात असला की आजोबा त्यावर पेन्सिलीने खुणा करतात आणि तेव्हाच ते खेळात पूर्ण उतरतात.

बसण्याची व्यवस्था अशी: मुलगी कंट्रोलर घेऊन टीव्हीसमोर, मुलगा तिच्या शेजारी, आणि उरलेले पाच जण टीव्हीकडे पाठ करून, हातात पुस्तिकेची पाने घेऊन. बाँबवर तारा, चिन्हे, बटण असे वेगवेगळे विभाग असतात, त्यानुसार पाने वाटावीत. तारांचे पान आजोबांकडे, चिन्हांचे आजीकडे, बटणाचे बाबांकडे, याप्रमाणे. सगळी पुस्तिका एकाकडे दिली तर तो एकटाच खेळतो आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून वाचत बसतात.

प्रत्यक्षात कसे चालते ते तारांच्या एका उदाहरणाने सांगतो. मुलगी सांगते, "तीन तारा आहेत, वरून निळी, निळी, लाल." आजोबा तीन तारांचा परिच्छेद काढतात आणि नियम क्रमाने तपासतात. लाल तार एकही नसेल तर दुसरी कापा. पण लाल आहे, म्हणून पुढे. शेवटची तार पांढरी असेल तर शेवटची कापा. ती लाल आहे, म्हणून पुढे. निळ्या तारा एकापेक्षा जास्त असतील तर शेवटची निळी कापा. निळ्या दोन आहेत, म्हणून उत्तर मिळाले. आजोबांनी सांगायचे "वरून दुसरी काप", आणि "शेवटची निळी" असे म्हणून थांबायचे नाही, कारण घाईत ऐकणाऱ्याला फक्त "शेवटची" एवढेच ऐकू येते आणि ती लाल तार कापते. चार किंवा अधिक तारा असतील तर नियमांत बाँबवरच्या अनुक्रमांकाचा शेवटचा अंकही लागतो, म्हणून तो अंक सम आहे की विषम हे मुलीने बाँब फिरवून सुरुवातीलाच मोठ्याने सांगून ठेवावे.

सहा वर्षांच्या मुलाचे काम चिन्हांच्या फळीवर. तिथे चार अनोळखी चिन्हे असतात. पुस्तिकेत चिन्हांचे सहा स्तंभ असतात. ज्या एका स्तंभात ती चारही सापडतात, त्यातल्या वरून खालच्या क्रमाने ती दाबायची असतात. यासाठी वाचता येण्याची गरज नसते, वर्णन करता येण्याची असते, आणि त्यात लहान मूल मोठ्यांपेक्षा मोकळे असते. "हसरा चेहरा आहे, पण त्याला दोन टिंबे आहेत" असे तो सांगतो आणि आजी पानावर शोधते. फक्त एक गोष्ट आधी शिकवून ठेवावी: चांदणी दिसली की ती भरलेली की रिकामी हे सांगायचेच, कारण पुस्तिकेत दोन्ही आहेत आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

पहिल्या डावासाठी फ्रीप्लेमध्ये तीन विभाग आणि पाच मिनिटे ठेवावीत, आणि नीडी हा पर्याय बंद ठेवावा. तो चालू असेल तर काही विभाग मध्येच लक्ष मागत राहतात आणि नवख्यांचा धागा तुटतो. तीन चुकांना बाँब फुटतो, आणि प्रत्येक चुकीनंतर घड्याळ अधिक वेगाने धावते. हार्डकोअर चालू केले तर पहिल्याच चुकीला फुटतो, म्हणून तेही बंद. पुस्तिकेची भाषा घरातल्या काहींना अवघड जात असेल तर त्यांच्याकडे चिन्हांचे आणि चक्रव्यूहाचे पान द्यावे. हे दोन्ही विभाग जवळजवळ चित्रांवरच चालतात. शब्दांच्या उच्चारावर आधारलेला विभाग मात्र अशा घोळक्यात पूर्णपणे टाळावा, कारण तो सरावलेल्या मित्रांनाही गोंधळात पाडतो.

हा डाव फसत असेल तर तो जवळजवळ नेहमी एकाच कारणाने फसतो: सगळे एकाच वेळी बोलतात. मुलीने विभागाचे नाव घ्यावे, आणि ज्याच्याकडे ते पान असेल त्यानेच उत्तर द्यावे. दोन डाव झाले की जागा बदलाव्यात आणि बाबांना पडद्यासमोर बसवावे. पान वाचणाऱ्या मुलीला तेव्हा कळते की आपण आधी किती भरभर बोलत होतो.

तुम्ही विचारले नसले तरी दोन लोकप्रिय नावे समोर येतील, म्हणून थोडक्यात सांगतो. ओव्हरकुक्ड हा स्वयंपाकघराचा गेम चांगला आहे, पण तीन पिढ्यांच्या पहिल्या संध्याकाळीला तो लावू नये. घड्याळ सतत दाबत राहते आणि घरातला सर्वांत तरबेज माणूस इतरांना हुकूम सोडू लागतो. लावायचाच असेल तर २०२० ची ऑल यू कॅन ईट ही आवृत्ती घ्यावी आणि तिच्यातला असिस्ट मोड चालू करून वेळ वाढवावा. नवख्याला चिरण्याची जागा द्यावी, कारण तिथे एकदा बटण दाबून पट्टी भरेपर्यंत उभे राहायचे असते. जॅकबॉक्सच्या गेममध्ये कंट्रोलर लागत नाही. प्रत्येक जण फोनवर jackbox.tv उघडून टीव्हीवरचा चार अक्षरी संकेत टाकतो, आणि बहुतेक गेममध्ये आठ जण भाग घेऊ शकतात. पण त्यातले विनोद शब्दांवर चालतात आणि उत्तर टंकावे लागते, म्हणून सहा वर्षांचा मुलगा आणि गेमची भाषा न येणारे आजी-आजोबा बाहेर पडतात. चित्र काढण्याचा ड्रॉफुल २ त्यातल्या त्यात जमतो, तोही मुलाला मोठ्या माणसाबरोबर जोडी करून. सेटिंगमध्ये फॅमिली फ्रेंडली पर्याय आहे, तो आधी चालू करावा.

शेवटचे काम पाहुणे यायच्या आधी करून ठेवायचे. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये गेम मोड शोधून चालू करावा. इतर मोडमध्ये टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतो आणि त्यात वेळ जातो. बटण दाबल्यापासून पात्र उडी मारेपर्यंतचा तो उशीर सरावलेला माणूस नकळत भरून काढतो, नवखा मात्र प्रत्येक खड्ड्यात पडतो. उशीर आहे की नाही हे तपासायला वंडर सुरू करून उडीचे बटण दाबावे आणि बटणाचा खटका ऐकावा. खटका आणि पात्राचे पाय उचलणे एकदमच होत असतील तर ठीक. मध्ये फट जाणवली तर मोड चुकीचा आहे, किंवा टीव्हीच्या त्या एचडीएमआय जोडणीसाठी तो लागू झालेला नाही, कारण काही टीव्हींवर हे सेटिंग प्रत्येक जोडणीसाठी वेगळे ठेवले जाते. आवाजासाठी स्विचला ब्लूटूथ जोडू नये; ते जोडले की एका वेळी दोनच वायरलेस कंट्रोलर चालतात, आणि उरलेले दोघे का चालत नाहीत हे शोधण्यात अर्धा तास जातो.